मेडिकल ऑफिसर (नाइट ड्युटी) पोस्टसाठी अर्ज

नमस्कार सर,

तुमच्याकडे कॅज्युअल्टी आणि वॉर्डसाठी नाइटचा एमओ हवाय असं काल तुमच्या मेट्रन मॅडमनी फोनवर सांगितलं, त्या पोस्टसाठी हा मेल करतेय. बायोडाटा, एमबीबीएसचं सर्टिफिकेट आणि एमएमसी रजिस्ट्रेशनची कॉपी सोबत जोडलीये. इंटर्नशिपच्या पोस्टिंगची यादी बायोडाट्यात आहेच, ती इथे परत लिहीत नाही, ती सगळ्यांची जवळपास सारखीच असते. रात्री एकटी असताना मी काय सांभाळलंय तेवढंच सांगते.

बाँडचं 1 वर्ष मी पाटण तालुक्यातल्या एका पीएचसीत केलं, क्वार्टर आवारातच होतं त्यामुळे रात्री दार वाजलं की मीच. डिलिव्हरी, पीपीएच, पॉयझनिंग, विंचू, साप, दारू पिऊन पडलेले, सगळं यायचं. एक केस सांगते. जुलैत पहाटे 3 च्या सुमारास विशीतला एक मुलगा आणला, पोटात दुखतंय आणि उलट्या होतायत, घरच्यांना वाटलं ॲसिडिटी, इंजेक्शन द्या आणि सोडा म्हणत होते. पण बोलताना त्याच्या पापण्या खाली येत होत्या. कुठे झोपला होता विचारलं तर जमिनीवर. अंगावर चावल्याची खूण कुठेच सापडली नाही पण मण्यार धरूनच चालले, ॲड्रेनलिन भरून बाजूला ठेवलं, एएसव्हीच्या 10 व्हायल सुरू केल्या आणि 108 ला फोन लावला. गाडी कराडला पोचेपर्यंत श्वास कमी पडायला लागला होता, शेवटचा रस्ता अंबूवर काढला, गाडीतले डॉक्टर आणि मी आलटूनपालटून. चौथ्या दिवशी तो व्हेंटिलेटरवरून निघाला. तेव्हापासून पावसाळ्यात रात्री पोटदुखी घेऊन कोणी आलं की मी पापण्या आणि मान आधी बघते.

त्यानंतर गेलं दीड वर्ष कराडमध्येच 30 बेडच्या एका हॉस्पिटलमध्ये आहे, बहुतेक नाइटच. इथे छातीत दुखणं, स्ट्रोक, डीकेए, ॲक्सिडेंट आणि एमएलसी रोजचं आहे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी पहिल्या 10 मिनिटांत निघालाच पाहिजे हे सिस्टरांना आता सांगावं लागत नाही, आणि मी तो फिजिशियन सरांना लगेच व्हॉट्सॲप करून मग फोन करते. ओपी पॉयझनिंगमध्ये ॲट्रोपिन किती गेलं, छाती कधी क्लिअर झाली, हे दर वेळी टाइम टाकून लिहिते कारण सकाळी येणाऱ्याला नेमकं तेच लागतं. बीएलएस आणि एसीएलएस केलंय. मोठ्या माणसाचं इंट्युबेशन स्वतः करते. लहान मुलांचं एकटीने केलेलं नाही, व्हेंटिलेटरची सेटिंगही कन्सल्टंटला विचारूनच बदलते, आणि अडलं तर रात्री 2 वाजतासुद्धा फोन करायला मागेपुढे बघत नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं.

आता नाइटचं. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार अशा आठवड्याला 4 नाइट, रात्री 8 ते सकाळी 8, मी पक्क्या देऊ शकते. शनिवारची एक आड एक करेन. बुधवार आणि रविवार रात्र मात्र नाही जमणार, मुलगी अडीच वर्षांची आहे आणि त्या दोन दिवशी मिस्टरांची स्वतःची नाइट असते, बाकीच्या रात्री ते आणि सासूबाई घरी असतात त्यामुळे ऐन वेळी ड्युटी मोडायची वेळ येत नाही. सध्याच्या ठिकाणी दीड वर्षात एकच नाइट सुटली, मुलीला ॲडमिट केलं होतं तेव्हा, आणि तीही बदली डॉक्टर ठरवूनच. दुसऱ्या एमओची सुट्टी असेल तर आदल्या दिवशी कळवलं तरी मी येईन, फक्त नाइट संपल्यावर लगेच दिवसाची ड्युटी नको, 24 तासांनंतर डोस लिहिताना माझा माझ्यावर भरवसा राहत नाही. सकाळी हँडओव्हर पेशंटच्या बेडजवळच देते, त्यात 8 चे सव्वाआठ झाले तरी चालतं.

राहायला मलकापूरला आहे, गाडीवर 10 मिनिटांत पोचते. सध्याच्या हॉस्पिटलला 1 महिन्याची नोटीस द्यावी लागेल, ती न देता मी निघणार नाही. इथल्या सरांना मी अर्ज करतेय हे माहीत आहे, तुम्ही त्यांच्याशी बोललात तरी चालेल, नंबर बायोडाट्यात आहे. पगाराचं भेटल्यावर बोलू. त्याआधी एखादी रात्र तुमच्या कॅज्युअल्टीत बसून बघायला सांगितलंत तर आवडेल मला, क्रॅश कार्ट कुठे आहे, रात्री लॅब आणि ब्लड कुठून येतं हे जॉइन व्हायच्या आधीच कळलेलं चांगलं.

भेटायला बुधवारी किंवा शनिवारी दुपारी 4 नंतर कधीही येऊ शकते, नाइटवरून येऊन झोप झालेली असते तोवर.

आपली,
डॉ. स्नेहल