मृगाच्या आधीची आठ पाकिटं: संरचना आणि कर्तेपण

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, काका कृषी केंद्रातून कपाशीच्या बियाण्याची आठ पाकिटं आणतात. वावर चार एकर, कोरडवाहू. यंदा मी म्हटलं, सोयाबीन पेरून पाहा. ते म्हणाले, "पेरतो ना. थैलीचे पैसे तू देतं का?"

माणूस जे करतो ते भोवतालची व्यवस्था ठरवते की तो स्वतः, हा समाजशास्त्रातला जुना वाद. पहिलीला संरचना म्हणतात, दुसऱ्याला कर्तेपण. संरचनेची बाजू इथेच उभी राहते. बँकेचं पीककर्ज थकीत, म्हणून नवं मिळत नाही. उधारी फक्त कृषी केंद्रवाला देतो आणि दिवाळीनंतर काकांचा कापूसही तोच घेतो. त्यामुळे उधारी मिळते ती कपाशीलाच. बीटी कपाशीला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली, पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. यातलं काहीच काकांच्या हातात नाही. समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केमने 1895 मध्ये सामाजिक तथ्याची खूण सांगितली ती हीच: ते व्यक्तीच्या बाहेर असतं आणि तिच्यावर दाब टाकतं. काकांना हा दाब जाणवला तो सोयाबीनचं नाव निघाल्यावर. एरवी ते म्हणतात, "मी कपाशी पेरतो."

काका मात्र कळसूत्री बाहुली नाहीत, इथे कर्तेपणाची बाजू येते. काउंटरवर ते पाकीट उलटून तारीख पाहतात, गेल्या साली कोणाच्या वावरात कोणतं वाण फुटलं ते विचारतात, दुकानदाराने पुढे सरकवलेलं बी परत ढकलतात. मॅक्स वेबर या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाला समाजशास्त्राचा विषय म्हणून अभिप्रेत असलेली अर्थपूर्ण कृती ती हीच.

अँथनी गिडन्स (1984) म्हणतो, या दोन बाजू वेगळ्या काढूच नका. संरचना हे कृतीचं साधनही आहे आणि फळही. काका उधारीवर पाकीट घेतात, म्हणून पेरणी होते. तीच उधारी वहीत चढते आणि व्यवस्था आणखी एक हंगाम चालते. ही मांडणी मला पटते, पण पुरती नाही. त्या वहीतलं आमचं खातं आजोबांनी उघडलंय. काका तेव्हा शाळेत होते. मार्गारेट आर्चरचा गिडन्सवरचा आक्षेप नेमका इथे लागू पडतो: संरचना आधीची, कृती नंतरची, आणि दोन्ही एकात कालवल्या तर हा काळाचा क्रम दिसेनासा होतो.

राहिले तुरीचे तास. कपाशीत दर आठ ओळींमागे तुरीचा एक तास असायचा, यंदा दोन आहेत. तूर दुकानदाराकडे जात नाही. घरची डाळ होते, उरलेली आठवडी बाजारात विकली जाते आणि तो पैसा वहीत दिसत नाही. दुसरा तास काकूने घालायला लावला. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, कृषी केंद्राच्या पायरीवर ती कधी चढलेली नाही. मुलाखतीत मी काकांना "निर्णय कोण घेतं?" असं विचारलं, तेव्हा ते "मीच" म्हणाले आणि मी तसंच लिहून घेतलं होतं.