तळीच्या चोवीस पायऱ्या

इयत्ता पाचवी, मराठी, उताराआकलन
गुण: 20. वेळ: 40 मिनिटे.

सूचना: उतारा दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती गोष्ट म्हणून आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. उत्तरे वहीत लिहा. काही प्रश्नांची उत्तरे उताऱ्यात सरळ सापडतील, काहींची शोधून काढावी लागतील.

उतारा

सईच्या वाड्यावर देवळाच्या मागे एक तळी आहे. फोंडा तालुक्यात बऱ्याच देवळांना अशी तळी असते. हिच्या चारही बाजूंना जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या आहेत. एक पायरी साधारण वीतभर उंच. एका कोपऱ्यात डोंगराकडून येणारी झर तळीत पडते आणि समोरच्या कोपऱ्यातून पाणी बाहेर सोडता येते. तिथे एकावर एक चार लाकडी फळ्या बसवल्या आहेत. सगळ्यांत वरच्या फळीवर सकाळी एक खंड्या येऊन बसतो. बराच वेळ तो हलतही नाही, मग एकदम पाण्यात बुडी मारून चोचीत मासा घेऊनच वर येतो.

पाऊस जाऊन महिने लोटले तरी तळीत पाणी असते. वर सडा आहे ना! सड्यावर पडलेला पाऊस भोकाभोकांच्या जांभ्या दगडात मुरतो, हळूहळू खाली झिरपतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येतो.

दिवाळी झाली की वाड्यावर वायंगणाची गडबड सुरू होते. आजोबा वरची फळी काढतात आणि पाणी पाटाने शेतांकडे निघते. पाटाच्या अगदी टोकाला असलेल्या शेताला पहिला मान. आजोबांचे स्वतःचे शेत तळीला लागूनच आहे, पण ते सगळ्यांच्या शेवटी भिजते. कपडे धुवायचा दगडही तळीवर नाही, लांब माडाच्या आळ्याशेजारी आहे. आजी घागर भरून तिथे नेते आणि वाटेत दोनदा टेकते.

मे महिना उजाडला. तळीत पाणी घोट्याएवढे राहिले होते. सई वरून एकेक पायरी मोजत खाली उतरली. शेवटच्या पायरीवरून तिने पाण्यात पाय टाकला, तो मऊ चिखलात रुतला.

“आजोबा, एकवीस!” ती ओरडली.

वर देवळाच्या सोप्यावर आजोबा सुपारी कातरत बसले होते. त्यांचा हात थांबला. “नीट मोज गो बाय. चोवीस आहेत. मी लहान असल्यापासून चोवीसच आहेत.”

सईने पुन्हा मोजल्या. पुन्हा एकवीसच भरल्या. “तीन पायऱ्या चोरीला गेल्या की काय?”

आजोबा काठी टेकत खाली आले. त्यांनी काही न बोलता समोरच्या डोंगराकडे बोट केले. तीन वर्षांपूर्वी तिथे रस्त्यासाठी झाडे तोडून उतार कापला होता. हिरव्या डोंगरावर लाल मातीचा तो पट्टा लांबूनही दिसत होता. सईला गेला पावसाळा आठवला. पहिल्याच मोठ्या सरीनंतर झरीचे पाणी दुधाच्या चहासारखे झाले होते आणि खंड्या दोन दिवस फळीवर आलाच नव्हता.

तिने कुंपणाची एक बांबूची काठी आणली. एकविसाव्या पायरीच्या पुढे ती चिखलात दाबली. काठी आत गेली, आणखी आत गेली आणि मग खाली कशावर तरी आपटली.

टक्!

सईने आजोबांकडे पाहिले. आजोबा म्हणाले, “उद्या रविवार. वाड्यावर सगळ्यांना सांगून ये. फावडे आणि पाट्या घेऊन या म्हणावे.”

शब्दांचे अर्थ

जांभा – गोव्यात व कोकणात सापडणारा तांबूस, भोके असलेला दगड. त्याच्या कापलेल्या ठोकळ्याला चिरा म्हणतात.
सडा – डोंगरावरचा सपाट, खडकाळ भाग. (अंगणातल्या सड्याशी याचा संबंध नाही!)
वायंगण – पावसाळ्यानंतर साठवलेल्या किंवा झरीच्या पाण्यावर घेतलेले भातपीक.
आळे – झाडाच्या बुंध्याभोवती पाणी साठण्यासाठी केलेला खळगा.

प्रश्न 1. उताऱ्यात शोधा आणि एका वाक्यात लिहा. (प्रत्येकी 1 गुण)

1. तळीच्या पायऱ्या कोणत्या दगडाच्या आहेत?
2. पाणी बाहेर सोडायच्या जागी किती फळ्या आहेत?
3. सगळ्यांत वरच्या फळीवर कोण येऊन बसते?
4. वायंगणाची तयारी कोणत्या सणानंतर सुरू होते?
5. सई मोजत होती तेव्हा आजोबा काय करत होते?

प्रश्न 2. उताऱ्यातल्या दोन गोष्टी जोडून पाहा. दोन-तीन वाक्यांत लिहा. (प्रत्येकी 2 गुण)

1. सड्यावर पडलेला पाऊस तळीपर्यंत कसा पोहोचतो? क्रमाने लिहा.
2. आजीला घागर नेताना त्रास होतो, हे कोणत्या शब्दांवरून कळते? तरीही कपडे धुवायचा दगड तळीपासून लांब का ठेवला असेल?
3. पहिल्या मोठ्या सरीनंतर खंड्या दोन दिवस का आला नसेल? तो काय खातो आणि ते कसे पकडतो, हे आठवा.

प्रश्न 3. लिहिलेले नाही, पण कळते! तुमच्या उत्तराला उताऱ्यातला पुरावा द्या. (प्रत्येकी 3 गुण)

1. तीन पायऱ्या कुठे गेल्या? काठी कशावर आपटली? असे का झाले, हे सुचवणाऱ्या निदान दोन खुणा उताऱ्यातून लिहा.
2. चोवीसऐवजी एकवीसच पायऱ्या उघड्या राहिल्या, तर तळी काठोकाठ भरल्यावर पाण्याची खोली किती वीत कमी होईल? याचा त्रास वाड्यावर कोणाला आणि वर्षाच्या कोणत्या काळात होईल?
3. पाटाच्या टोकाच्या शेताला आधी पाणी देण्याचा नियम का केला असेल? तळीजवळच्या शेताला आधी दिले असते तर काय झाले असते? यावरून आजोबांबद्दल तुम्हाला काय वाटते?

शिक्षकांसाठी

प्रश्न 1: जांभा, चार, खंड्या, दिवाळी, सुपारी कातरत होते.

प्रश्न 2 मध्ये “वाटेत दोनदा टेकते” हे शब्द हवेत. दगड लांब असल्याचे कारण मुले दोन तऱ्हेने सांगतात: साबणाचे पाणी तळीत जाऊ नये, किंवा ते माडाला मिळावे. दोन्हींना पूर्ण गुण द्या. खंड्याचे उत्तर गढूळ पाण्यात मासा दिसत नाही इथपर्यंत यायला हवे. “तो घाबरला” असे लिहिणाऱ्याला एक गुण देऊन “कशाला?” असे विचारा.

प्रश्न 3.1 मध्ये गाळ हा शब्द उताऱ्यात मुद्दामच घातलेला नाही. मुलाने “माती”, “चिखल” किंवा घरी म्हणतात तसे “रेंदा” लिहिले तरी चालेल. खुणा चार आहेत: मऊ चिखल, कापलेला उतार, चहासारखे पाणी आणि काठीचा “टक्”. यांतल्या दोन पुरेत. 3.2 चे उत्तर तीन वीत. वायंगण करणारे शेतकरी आणि पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने, हे दोन्ही यायला हवेत. 3.3 ला एकच बरोबर उत्तर नाही. गेल्या वेळी एका मुलीने “आजोबा शेवटी घेतात म्हणजे ते पाणी उरवायला बघतात” असे लिहिले होते, तिला मी तीनपैकी तीन दिले.

जवळपास तळी असेल तर पायऱ्या मोजायला वर्ग जरूर घेऊन जा, पण वरूनच मोजा. शेवाळलेल्या चिऱ्यावर मोठ्यांचाही पाय सटकतो.