टच बंद पडलेल्या स्मार्टवॉचची वॉरंटीत दुरुस्ती करून मिळण्याबाबत विक्रेत्यास पत्र

दिनांक : 9 मार्च 2026

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : स्मार्टवॉचच्या पडद्याचा टच पूर्ण बंद पडल्याने वॉरंटीअंतर्गत विनामूल्य दुरुस्ती करून मिळणेबाबत

संदर्भ : बिल क्र. 24817, दिनांक 14 ऑगस्ट 2025. घड्याळाचा सीरियल क्रमांक WR46K0731952

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

वरील बिलाने आपल्याकडून घेतलेल्या 46 मिमीच्या गोल, एमोलेड पडद्याच्या स्मार्टवॉचचा टच आता अजिबात चालत नाही. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून 12 महिन्यांची, म्हणजे 13 ऑगस्ट 2026 पर्यंत आहे. वॉरंटी कार्डावर आपला शिक्का असून दावा विक्रेत्यामार्फत करावा असे त्यावरील अट 3 मध्ये छापलेले आहे. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. घड्याळ तपासणीसाठी ताब्यात घ्यावे आणि टचचा दोष वॉरंटीत दुरुस्त करून द्यावा, अशी विनंती आहे.

घड्याळाचे बाकी सर्व काही ठीक आहे. पडदा स्वच्छ उजळतो, त्यावर रेघ, डाग वा काळा ठिपका नाही. मनगट उचलले की पडदा जागा होतो, बाजूचे फिरते बटण फिरवल्यावर यादी वर-खाली सरकते, दोन्ही बटणे दाबली जातात, कंपन होते, 3 मार्चला रीसेट करेपर्यंत मागच्या सेन्सरचा हिरवा दिवा लागून नाडीचे आकडेही येत होते, चार्जिंगही नेहमीच्या वेगाने होते. चालत नाही तो फक्त बोटाचा स्पर्श. टॅप, लांब दाब, सरकवणे यांपैकी कशालाच प्रतिसाद नाही. पडद्यावर तळहात ठेवून तो विझवण्याची सोयही बंद आहे, कारण तीही टचवरच चालते.

दोष कसा वाढत गेला हे तंत्रज्ञाला उपयोगी पडेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. 21 फेब्रुवारीला पडद्याचा खालचा साधारण एक तृतीयांश पट्टा मेला. पिन टाकताना वरच्या ओळींतले आकडे लागत, पण तळाचा 0 कितीही दाबला तरी उमटत नसे. खालून वर बोट सरकवून सूचना उघडत नसत. वरून खाली सरकवले तर झटपट सेटिंग्जची पट्टी येई, पण बोट खालच्या पट्ट्यात शिरले की मध्येच थांबे. 24 फेब्रुवारीपासून उलटा प्रकारही दिसू लागला : बोट न लावताच ॲप उघडणे, वाजणारा गजर आपोआप पुढे ढकलला जाणे. 2 मार्चपासून संपूर्ण पडदा निश्चल आहे.

दोष सॉफ्टवेअरचा नसून टचच्या थराचा किंवा त्याच्या जोडणीचा आहे, असे म्हणण्याला ठोस कारण आहे. खालचा पट्टाच तेवढा मेलेला असताना फोनवरच्या ॲपमधून घड्याळ दुसऱ्या हाताला बांधण्याचे सेटिंग निवडले. त्याने पडद्यावरचे चित्र 180 अंशांनी फिरते. दोष एखाद्या ॲपचा किंवा डायलचा असता, तर मेलेला पट्टाही चित्राबरोबर फिरला असता. तो काचेवर जिथल्या तिथेच राहिला. आता 0 लागू लागला आणि 1, 2, 3 ही ओळ मेली. टचचा थर आडव्या-उभ्या सूक्ष्म वाहक रेषांच्या जाळीने बनतो, आणि त्या रेषा फ्लेक्स केबलने टच कंट्रोलरला जोडलेल्या असतात. काचेच्या एका बाजूचा सबंध पट्टा एकदम जाणे, मग भुताटकीसारखे स्पर्श उमटणे आणि शेवटी सारेच बंद होणे, हा क्रम त्या रेषांच्या जोडणीत किंवा केबलच्या कनेक्टरमध्ये संपर्क सुटत गेल्याकडे बोट दाखवतो. चार्जिंगनंतर घड्याळ कोमट असताना सुरुवातीला मेलेला पट्टा थोडा वेळ जागा व्हायचा, हेही त्याला धरूनच आहे. नेमका भाग कोणता, हे अर्थात उघडून पाहिल्यावरच ठरेल.

घरी करता येण्याजोगे उपाय झाले आहेत. काचेवरचा संरक्षक थर काढून मऊ, कोरड्या कापडाने पडदा पुसला. पाण्यात जाताना टच बंद ठेवणारा वॉटर लॉक आणि सिनेमा मोड, दोन्ही बंद असल्याची खात्री केली. घड्याळ मनगटावर, टेबलावर आणि चार्जरवर अशा तिन्ही स्थितींत तपासले, कारण सदोष चार्जरच्या विद्युत गोंधळानेही टच बिघडू शकतो. चार्जरपासून दूरही फरक पडला नाही. दोन्ही बटणे एकत्र धरून सक्तीने रीस्टार्ट केले. 26 फेब्रुवारीला आलेले 4.2.1 हे अपडेट घातले. दोष त्याच्या पाच दिवस आधीपासूनचा आहे, त्यामुळे तो अपडेटने आला असे म्हणता येत नाही, आणि अपडेटने गेलाही नाही.

शेवटी 3 मार्चला फोनवरच्या ॲपमधून फॅक्टरी रीसेट केले. घड्याळ सुरू झाले आणि भाषा निवडण्याच्या पहिल्याच पडद्यावर अडकले. यादी फिरत्या बटणाने सरकते, पण निवड पक्की करायला टॅपच लागतो. म्हणजे जुने कोणतेही ॲप किंवा सेटिंग शिल्लक नसतानाही टच बंदच आहे. आपल्या तंत्रज्ञांनी कृपया ध्यानात घ्यावे : टच दुरुस्त होईपर्यंत हे घड्याळ कोणत्याही फोनशी जोडता येणार नाही, तेव्हा ॲपमधून तपासणी करण्यात वेळ घालवू नये. बाकीचे भाग चालू असल्याचे आणि खालचा पट्टा मेलेला असल्याचे दोन्ही व्हिडिओ रीसेटच्या आधीचे आहेत व सोबत देत आहे. घड्याळ माझ्या खात्यातून काढून टाकले आहे, त्यामुळे दुरुस्तीनंतर ते सुरू करताना पासवर्ड विचारला जाणार नाही.

वॉरंटी कार्डातील अट 6 नुसार पडणे, आपटणे, पाणी शिरणे आणि अनधिकृत ठिकाणी उघडणे यांवर वॉरंटी लागू नाही. यांपैकी काहीही झालेले नाही. काचेला तडा नाही, कडेला टवका नाही, चौकटीवर पोचा नाही. काच आणि चौकट यांमधली फट सगळीकडे सारखी आहे आणि मागचे झाकण सपाट बसलेले आहे, त्यामुळे बॅटरी फुगून पडदा आतून ढकलला जात असल्याचे बाहेरून कोणतेही लक्षण नाही. काचेच्या किंवा सेन्सरच्या आत बाष्प दिसत नाही. घड्याळ 5 एटीएम दर्जाचे आहे. वापर हात धुणे आणि पाऊस यापुढे गेलेला नाही, गरम पाण्याखाली किंवा साबणाच्या फेसात ते कधी धरलेले नाही. आत पाणी शिरल्याचा निष्कर्ष निघालाच, तर रंग बदललेल्या ओलावा-दर्शक पट्टीचा आणि गंजलेल्या जागेचा जवळून काढलेला फोटो सीरियल क्रमांकासह द्यावा. केवळ तोंडी शेऱ्यावर दावा नाकारला जाऊ नये.

दुरुस्तीबाबत काही गोष्टी आग्रहाने मांडतो. अशा पडद्यात टचचा थर, एमोलेड पॅनल आणि वरची काच सहसा एकजीव चिकटवलेली असतात, त्यामुळे टचचा थर तेवढा वेगळा बदलण्याच्या प्रयत्नात पॅनल जाण्याची भीती असते. दोष त्या थरात निघाला तर पूर्ण डिस्प्ले असेंब्ली कंपनीच्या मूळ सुट्या भागानेच बदलावी. दोष केवळ कनेक्टरचा निघाला तरी तो दाबून बसवून घड्याळ परत पाठवू नये. मधूनमधून सुटणारा संपर्क टेबलावरच्या दोन मिनिटांच्या तपासणीत सहज उत्तीर्ण होतो आणि 'दोष आढळला नाही' अशा शेऱ्यासह वस्तू परत येते. म्हणून टचची चाचणी पडद्याच्या कडांसह संपूर्ण जाळीवर, एकदा थंड स्थितीत आणि एकदा पूर्ण चार्जिंगनंतर लगेच, अशी दोनदा घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सील. घड्याळ उघडले की काचेखालचा चिकट गॅस्केट निकामी होतो आणि जुनाच परत दाबून बसवला तर पाणी अडत नाही. नवीन गॅस्केट लावून दाबाखाली गळती-चाचणी घ्यावी आणि 5 एटीएमची चाचणी पार पडल्याचे जॉब शीटवर लिहून द्यावे. हे न झाल्यास आज दुरुस्त झालेले घड्याळ पुढच्या पावसाळ्यात आतून गंजेल, आणि तेव्हा दोष वापरणाऱ्याच्या माथी येईल.

दुरुस्ती शक्य नसेल तर त्याच मॉडेलचे घड्याळ बदलून मिळावे. ते नवीन आहे की दुरुस्त करून पुन्हा विक्रीयोग्य केलेले, हे देण्याआधी लेखी कळवावे. नवा सीरियल क्रमांक वॉरंटीच्या नोंदीत चढवावा आणि उरलेली मुदत त्यावर चालू राहील असे बिलाच्या प्रतीवर शिक्क्यानिशी नमूद करावे. वॉरंटीबाहेरचा कोणताही खर्च निघत असल्यास काम सुरू करण्यापूर्वी माझी लेखी संमती घ्यावी.

घड्याळ पाठवण्याची तयारी झालेली आहे. पट्टा काढून ठेवला आहे. फक्त घड्याळ आणि चार्जिंगची केबल देत आहे. बंद करण्याच्या मेनूतही टॅप लागतो, त्यामुळे ते रीतसर बंद करता येत नाही. आत लिथियम-आयन बॅटरी असल्याने चार्ज 30 टक्क्यांच्या खाली उतरू दिला आहे, आणि दोन्ही बटणांवर दाब येणार नाही अशा बेताने मूळ खोक्यात ते बसवले आहे. तपासणीआधी चार्जरवर ठेवावे लागेल. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर पडदा उजळायला काही मिनिटे लागतात. तो मेलेला समजू नये.

वॉरंटी कार्डानुसार ने-आणीचा खर्च आपल्याकडे आहे. 16 मार्चपर्यंत कुरिअर पाठवण्याची तारीख किंवा घड्याळ जमा करण्याचे ठिकाण कळवावे. घड्याळ ताब्यात घेताना सीरियल क्रमांक, बाह्य स्थिती आणि 'टच पूर्ण बंद' ही तक्रार नोंदवलेली जॉब शीट द्यावी. बाह्य स्थिती त्या वेळी लिहिली गेली नाही तर नंतर दिसणारा ओरखडा कोणाच्या हातून आला, यावर दोघांचाही वेळ जातो. तपासणीचा लेखी निष्कर्ष घड्याळ मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि दुरुस्त किंवा बदललेले घड्याळ 21 दिवसांत मिळावे. सुटा भाग मागवावा लागत असेल तर तो येण्याची अंदाजे तारीख कळवल्यास थांबण्याची तयारी आहे.

उत्तर कृपया बिलावर नोंदवलेल्या ई-मेलवर द्यावे. फोनवर बोलणे झाले तरी ठरलेले ई-मेलने पाठवावे, म्हणजे दोन्ही बाजूंना नोंद राहील.

आपला विश्वासू,
र. दि. पटवर्धन

सोबत :
1. बिल क्र. 24817 ची प्रत
2. शिक्का असलेल्या वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत
3. घड्याळाचे फोटो : समोर, मागे, चारही कडा, सीरियल क्रमांक
4. खालचा पट्टा मेलेला असतानाचा, चित्र फिरवल्यावरचा व्हिडिओ
5. टच पूर्ण बंद, पण बटणे, कंपन व नाडी-सेन्सर चालू असल्याचा व्हिडिओ
6. रीसेटनंतर भाषा-निवडीवर अडकलेल्या पडद्याचा व्हिडिओ