औसा तालुक्यातल्या सभामंडपातला दुसरा वर्ग: चहावाल्याला दहा रुपये

या, या. मावशी, तुम्ही पुढं बसा, इथं उजेड चांगलाय. चष्मे आणलेत ना सगळ्यांनी? घाई नाही आज. एकच काम शिकायचंय, चहावाल्याला दहा रुपये द्यायचे. तेवढंच. पण ते असं शिकायचं की उद्या लेकरू घरी नसलं तरी अडायचं नाही.

काल आपण भीम ॲप टाकलं, बँक जोडली. बऱ्याच जणांनी विचारलं, हे कुणाचं आहे? रिझर्व्ह बँक आणि देशातल्या बँकांच्या संघटनेनं मिळून जी संस्था उभी केली, तिनं हे 2016 साली आणलं. आणि नीट ऐका, पैसे ॲपमध्ये नसतात. तुमचे पैसे तुमच्या बँकेतल्या खात्यातच असतात. श्रावणबाळचा पगार तिथंच येतो, तिथंच राहतो. ॲप नुसतं बँकेला निरोप देतं. फोन पडला, फुटला, तरी खात्यातला रुपया हालत नाही.

आता ॲप उघडा. चित्रावर बोट टेकवा आणि उचला. दाबून धरू नका नाना, दाबून धरलं की भलतंच काहीतरी उघडतं. टेकवा, उचला. उघडत नसलं तर बोट धोतराला पुसून घ्या. रानात काम करून बोटं खरखरीत झालेली असतात, काचेला पटकन कळत नाही. अंगठ्यापेक्षा पहिलं बोट बरं. झालं? होतंय, होतंय.

ॲप एक नंबर विचारेल. हा दाराचा नंबर. पैशाचा नाही. पैशाचा नंबर म्हणजे यूपीआय पिन, तो शेवटी लागतो. दोन नंबर वेगळे आहेत. परत सांगतो: आधी दाराचा, शेवटी पैशाचा.

आता चौकोनी चित्र, स्कॅनचं. त्यावर बोट. कॅमेरा उघडला. हा चहावाल्याचा कागद मी धरतो, काळ्या ठिपक्यांचा. फोन त्याच्यापासून वीतभर लांब धरा. हात थरथरतोय? थरथरू द्या, दुसऱ्या हाताचा आधार घ्या. आपोआप उचलतं ते.

थांबा. इथं सगळ्यांनी थांबायचं. पडद्यावर नाव आलंय, वाचा. मोठ्यानं वाचा आक्का. बरोबर. नाव वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही. कागदावर कुणी दुसराच कागद चिकटवला तर तो नावावरून कळतो. नाव कळत नसलं तर दुकानदाराला विचारा, "भाऊ, हे तुमचंच नाव का?" यात लाजायचं काय? पैसे आपले आहेत.

आता रक्कम. एक, शून्य. परत बघा, दहाच आहेत ना? शंभर नाही झाले ना? मग पुढं.

आता यूपीआय पिन. मी पाठ फिरवतो. तुम्ही शेजाऱ्याकडंही बघू नका. हा नंबर मला सांगायचा नाही, बँकेच्या साहेबाला नाही, फोन करणाऱ्याला तर नाहीच. पासबुकावर लिहायचा नाही, फोनच्या मागं चिकटवायचा नाही. टाका. चुकला तरी पैसे जात नाहीत, परत टाका. पण लागोपाठ तीनदा चुकला तर बँक साधारण दिवसभर थांबवते. म्हणून दोनदा चुकल्यावर फोन बाजूला ठेवा, आठवा, मग टाका.

झालं! हिरवी खूण आली. ऐका, चहावाल्याचा डबा बोलला. आक्का, तुम्ही दिले पैसे, मी नाही.

कधीकधी गोल फिरतच राहतं, आपल्याकडं रेंजचं तसंच आहे. तेव्हा परत पैसे पाठवू नका. दम धरा. खात्यातून गेले आणि समोर पोचले नाहीत, तर बँक परत जमा करते. व्यवहारांच्या यादीत बघायचं, तिथं सगळं लिहिलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिन फक्त पैसे देताना, नाहीतर आपली शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी म्हणालं, "आजी, तुमचं अनुदान आलंय, घ्यायला पिन टाका," तर तो चोर आहे. फोन ठेवायचा. म्हणा माझ्याबरोबर: घ्यायला पिन लागत नाही. मामा, तुम्ही म्हणा. घ्यायला पिन लागत नाही. अजून एकदा, मागच्या रांगेतनं.

आणि तरी फसलात, तर घरच्यांपासून लपवू नका. पोरं रागावतील म्हणून गप्प बसलं की पैसे लांब निघून जातात. लगेच 1930 वर फोन. एक, नऊ, तीन, शून्य. जितक्या लवकर, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. हा नंबर मात्र भिंतीवर लिहा, खुशाल मोठ्या अक्षरात.

चला, नाना, आता तुमची पाळी. मी काही सांगणार नाही, नुसता शेजारी बसतो. ॲप उघडा.