मारवा, भूप, बागेश्री, भैरवी: पहिल्यांदाच ऐकायला आलेल्यांसाठी

डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, सिव्हिल लाइन्स, नागपूर
डिसेंबरातला रविवार, संध्याकाळी ठीक साडेपाच

नमस्कार. कलाकारांची नावं आणि परिचय कव्हरवर आहेत, इथे फक्त आज काय गायलं जाणार आहे आणि ते ऐकताना कान कुठे ठेवायचा एवढंच. याच टिपणाचं इंग्रजी रूप मागच्या दोन पानांवर आहे, मराठी न वाचणारे मित्र किंवा ऑफिसातले सहकारी सोबत असतील तर त्यांना ते आधीच उघडून द्या.

मैफल साडेपाचलाच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पहिला राग मारवा आहे, आणि मारवा सूर्य मावळतानाचा. नागपुरात डिसेंबरात सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी मावळतो, साडेपाचच्या सुमारास, म्हणून तिकडच्यासारखं सात वाजता सुरू केलं असतं तर बाहेर केव्हाच अंधार झाला असता. आजकाल रागाची वेळ सगळेच पाळतात असं नाही, पण जमत असताना ती मोडायची कशाला, असं आमचं मत.

आता मुद्द्याचं. राग म्हणजे नुसती सुरांची यादी नाही. तेच सूर घेऊन वेगवेगळे राग होतात, कारण कोणत्या सुरावर थांबायचं, कोणता नुसता शिवून जायचा, कुठून वर चढायचं, हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं. त्यामुळे सगळे सूर ओळखता आले पाहिजेत वगैरे दडपण घेऊ नका, आज प्रत्येक रागात एकच सूर धरून बसा, तेवढं पुरेसं आहे.

आणि एक खूण डोळ्यांनी बघायची. मागे जे दोन तानपुरे आहेत त्यांना प्रत्येकी चार तारा असतात, मधल्या दोन आणि शेवटची षड्जाची, म्हणजे सा ची, पण पहिली तार रागाप्रमाणे बदलते. आज मारव्याला ती धैवतात, म्हणजे ध मध्ये असेल, भूपाला पंचमात, म्हणजे प मध्ये, आणि बागेश्रीला मध्यमात, म्हणजे म मध्ये. दोन रागांच्या मध्ये गायिका खुंटी पिळताना, मग घोडीजवळचा मणी जरासा सरकवताना दिसतील, तेव्हा कृपया गप्पा सुरू करू नका, पुढचा राग खरं तर तिथूनच सुरू होतो.

१. मारवा
विलंबित एकताल, नंतर द्रुत तीनताल

यात पंचम नाहीच. रिषभ, म्हणजेच रे, कोमल, म्हणजे खाली उतरवलेला, मध्यम तीव्र, म्हणजे वर चढवलेला. पण खरी गंमत सा ची आहे. प्रत्येक गाण्याचं घर सा असतं, आणि मारवा त्या घरी जायचं टाळत राहतो, आवाज रे वर थांबतो, ध वर थांबतो, खालच्या नि वरून सा ला वळसा घालून पुन्हा रे वर येतो, आणि आपल्याला आतून वाटत राहतं की आता तरी सा लागू दे. ही जी हुरहूर वाटते तोच मारवा. सा लागेल तेव्हा तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही. तर इथे धरायचा सूर सा, तो कितीदा हुलकावणी देतो ते ऐका.

पूरिया आणि सोहनी या रागांचेही सूर हेच आहेत. पूरिया ग आणि नि वर विसावतो आणि खालच्या सप्तकात रमतो, सोहनी वरच्या सप्तकात चमकते, आणि मारवा असा, मधेच लटकलेला.

पहिली चीज फार सावकाश जाईल. एकताल बारा मात्रांचा, आणि या लयीत एक आवर्तन पूर्ण व्हायला पाऊण मिनिट सहज लागतं, त्यामुळे मोजत बसलात तर कंटाळाल. त्यापेक्षा चीजेचे सुरुवातीचे शब्द, ज्याला मुखडा म्हणतात, ते लक्षात ठेवा, गायिका कुठेही फिरून आल्या तरी तेच शब्द घेऊन पहिल्या मात्रेवर, समेवर, तबल्याबरोबर एकत्र पोचतात. त्या क्षणी सभागृहात माना हलतात. तुमचीही हलली तर हलू द्या, आणि तोंडून वा गेलं तर तेही चालतं, आपल्याकडे दाद गाणं संपेपर्यंत राखून ठेवायची नसते.

आणि या सभागृहात मारवा म्हटला की ज्यांचं नाव बाहेर लिहिलंय त्यांची आठवण येणारच. वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, पुढे लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे त्यांनी मारव्याची तालीम घेतली, आणि त्यांचा मारवा ऐकलेली माणसं अजूनही त्याबद्दल बोलतात. घरी गेल्यावर शोधून नक्की ऐका.

२. भूप
मध्यलय तीनताल

मारव्यानंतर मुद्दाम हा ठेवलाय. सा रे ग प ध, पाचच सूर, सगळे शुद्ध. इथे धरायचा सूर ग. हेच पाच सूर घेऊन ध वर जोर दिला आणि वरच्या अंगाने गायलं की सकाळचा देशकार होतो. चीज सुरू करण्याआधी गायिका देशकारची एखादी ओळ गाऊन हा फरक दाखवणार आहेत.

तीनताल सोळा मात्रांचा. नवव्या मात्रेच्या आसपास डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या, डाव्या हाताने वाजणाऱ्या वाद्याचा घुमारा जरा वेळ बंद होतो आणि समेच्या आधी परत येतो. एकदा हे कानाला कळलं की ताल कुठे चाललाय ते बोटं न मोजता समजतं.

मध्यंतर, वीस मिनिटं. चहा बाहेर फॉयरमध्ये आहे, कप आत आणू नका.

३. बागेश्री
झपताल, नंतर द्रुत तीनताल

आता रात्र झालेली असेल. ग आणि नि कोमल, आणि सगळा भार मध्यमावर, म्हणूनच पहिली तार मध्यमात. पंचम या रागात आहे, पण लपून, वर चढताना बहुतेक दिसतच नाही, उतरताना एखाद्या वळणावर मिनिटभराने कधीतरी येतो आणि लगेच जातो. तर इथे दोन गोष्टी, म वर आवाज कसा टेकतो आणि प कधी डोकावतो. ध वरून म वर येताना आवाज सुटा उडी मारत नाही, मधली जागा भरत घसरत येतो, त्याला मींड म्हणतात, आणि माझ्या मते बागेश्रीचा सगळा जीव त्या एका मींडेत आहे. पेटीवर ती तशीच्या तशी निघत नाही, कारण पेटीचे सूर सुटे सुटे, म्हणून तिथे पेटीवाले कसे मागे मागे, हलक्या हाताने चालतात तेही बघा, चांगली साथ अशीच असते.

झपताल दहा मात्रांचा, दोन तीन दोन तीन असा. चाल जराशी लंगडत गेल्यासारखी वाटेल, तीच त्याची मजा.

४. भैरवी
अभंग

भैरवी तशी सकाळची, पण मैफलीचा शेवट तिनेच करायची रीत आहे, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. रे ग ध नि चारही कोमल, पण अभंगात गायिका मधूनच शुद्ध सूरही घेतील, भैरवीत तेवढी मोकळीक असते. इथे काही धरायला नको, टाळ असतील, वाटलं तर ठेका धरा.

भैरवीनंतर दुसरं काही गायचं नसतं, म्हणून आधीच विनंती, तेव्हा फर्माइश करू नका, फर्माइश असेल तर मध्यंतरात चिठ्ठी द्या. कार्यक्रम संपल्यावर कलाकार थोडा वेळ मंचाजवळ थांबणार आहेत, काही विचारायचं असेल, तानपुरा जवळून बघायचा असेल, मुलांना तार छेडून बघायची असेल तर पुढे या, फक्त चपला खाली काढून.