रविवारी फोन करशील?

निखिल,

दिवाळीनंतर आपण बोललोच नाही, आणि आता बाजारात कैऱ्या आल्यात. फोन करायचं कितीदा मनात आलं. पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस आणि मी त्या "हं"चा अर्थ लावत बसते, म्हणून पत्र.

आईला मी काही सांगितलेलं नाही, पण तिला कळलंय. पन्ह्याचा गर देताना अजून दोन बाटल्या भरते, विचारत मात्र नाही.

मला तुझ्याशी परत बोलायचंय. लगेच एकत्र राहू असं नाही म्हणत. ते मलाच झेपणार नाही. रविवारी सकाळी एक फोन, अर्धा तास. नाशिकच्या नोकरीचा विषय तेव्हा नको, तो समोरासमोर. मधे मेसेज आला नाही तर कोणी रुसायचं नाही. (हे मी स्वतःलाच जास्त सांगतेय.) महिनाभर जमलं तर एका शनिवारी पुण्याला ये. पर्वती चढू, उतरून मिसळ खाऊ, आणि संध्याकाळच्या गाडीने तू परत. मित्रमंडळींना इतक्यात कळवायला नको, सगळे सल्ले द्यायला बसतील.

या घरात श्वास घ्यायला जागा नाही, असं तू म्हणालास त्याचा राग अजून थोडा आहे, खोटं कशाला बोलू. पण ते नीट ऐकून घ्यायची आता तयारी आहे. माझंही तुला ऐकावं लागेल.

नको असेल तर दोन ओळी लिहून कळव, मी मागे लागणार नाही. हवं असेल तर येत्या रविवारी नऊनंतर फोन कर. आठला नको, तेव्हा पाणी येतं.

मुग्धा