कढई, कचरा आणि बाथरूम: एकाच मेसेजचे दोन खर्डे

पहिला खर्डा (काल रात्री पावणेबारा, पाठवला नाही)

रोहन, आता अति झालं. तीन दिवस तुझी कढई सिंकमध्ये पडलीये. तुला दिसत नाही की दिसूनही न दिसल्यासारखं करतोस? कचरा मीच न्यायचा, बाथरूम मीच घासायचं, आणि साहेब कानात हेडफोन घालून खोलीत. अर्धं भाडं मीही भरतो, तुझा नोकर नाहीये मी. तुला कधीच काही करायला नको असतं. घरी आईने सगळं हातात आणून दिलं असेल, इथे तुझी आई राहत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ओटा मोकळा दिसला नाही तर सगळी खरकटी भांडी उचलून तुझ्या गादीवर ठेवीन. मग बस हेडफोन लावून!!!

सकाळी, चहा होईपर्यंत

तीन उद्गारचिन्हं. बरं झालं झोप लागली.

कढई खरी आहे, कचरा खरा आहे, बाथरूमही खरं. हे तिन्ही राहणार. आई जाणार, तिचा यात काय संबंध? नोकर जाणार. गादी तर जाणारच, कारण मी ते करणार नाही हे त्यालाही माहीत आहे. 'कधीच' हा शब्द सगळ्यात वाईट, कारण तो खोटा आहे. गेल्या महिन्यात सिंकखालचा पाइप सुटला तेव्हा रात्री दोन वाजता फरशी पुसत कोण बसलं होतं? तोच. मी नुसता मोबाइलचा टॉर्च धरून उभा होतो. 'कधीच' लिहिलं की तो पहिला हाच पाइप काढणार, आणि कढई राहील बाजूला.

दुसरा खर्डा (हा पाठवतोय)

रोहन, घरातल्या कामांबद्दल जरा बोलायचंय. समोरासमोर बोललो तर माझा आवाज चढेल, म्हणून लिहितोय.

रविवारपासून तुझी कढई सिंकमध्ये भिजत पडलीये. आज बुधवार. पाण्यावर तेलकट तवंग आलाय आणि वासही यायला लागलाय. काल मला ताट धुवायचं होतं तर ती उचलून ओट्यावर ठेवावी लागली, ते पाणी पायावर सांडलं, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. आज ती तेवढी घासून टाक. बूड करपलंय, नुसत्या घासणीने निघणार नाही. सोडा टाकून पाणी उकळ, मग सुटेल.

दुसरं म्हणजे कचरा. गेले दोन आठवडे मीच खाली नेतोय. सोमवारी पिशवी खालून फाटली आणि जिन्यापर्यंत ओघळ गेला, तो मीच पुसला. तेव्हा तुला काही बोललो नाही, ही माझी चूक. मनात साठवत राहिलो आणि काल रात्री एक भलताच मेसेज लिहून बसलो होतो. तो पाठवला नाही, पण चिडलो होतो हे खरं आहे, ते लपवत नाही.

बाथरूम या महिन्यात दोन्ही वेळा मीच घासलं. पुढच्या दोन वेळा तू घे. जाळीत अडकलेले केस काढायला विसरू नकोस, पाणी त्यानेच तुंबतं. (त्यातले निम्मे माझेच असतात, मान्य.)

तुझी सध्या उशिराची शिफ्ट आहे, आल्यावर अंगात त्राण नसतं, हे मला दिसतं. म्हणून रोजच्या रोज सगळं चकाचक हवं असं म्हणत नाहीये. एवढंच ठरवू या: ज्याची भांडी त्याने दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत घासायची. कचरा एक आठवडा तू, एक आठवडा मी, आणि येत्या सोमवारपासून तुझी पाळी. एखाद्या दिवशी नाहीच जमलं तर 'आज नाही जमत, तू बघ' एवढं कळव, मी करीन. न सांगता राहिलं की मला वाटतं तू गृहीत धरतोयस, आणि मग कढईवरचा राग भलत्याच गोष्टीवर निघतो.

माझ्याबद्दलही काही खटकत असेल तर सांग. खुर्चीवरच्या ओल्या टॉवेलबद्दल तू दोनदा बोललास आणि मी हसण्यावारी नेलं. आजपासून तो दोरीवर जाईल.

ही वाटणी पटत नसेल तर शनिवारी सकाळी दोघंही घरी आहोत, तेव्हा बसून बदलू. कढईचं मात्र शनिवारपर्यंत नको, आजच बघ. मी आठपर्यंत येतो, स्वयंपाकाला तीच लागणार आहे.